आपत्कालीन निधी: गुंतवणुकीआधी किती ठेवायचा आणि कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पगारदार, व्यावसायिक आणि निवृत्त वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. व्याजदर सतत बदलतात, म्हणून जिथे दर आले आहेत तिथे ते फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपत्कालीन निधी म्हणजे बचत खात्यात शिल्लक असतात तेच पैसे ना?

नाही. बचत खात्यातून घरखर्च जातो, हप्ता जातो, दिवाळीची खरेदीही तिथूनच होते. त्यातला किती पैसा हात न लावण्याचा आहे, हे महिनाअखेरीला कोणालाच सांगता येत नाही. आपत्कालीन निधी वेगळा काढलेला असतो आणि तो तीनच कारणांसाठी वापरायचा: घरातली कमाई थांबली, कोणी आजारी पडलं, किंवा टाळता न येणारा खर्च अचानक अंगावर आला.

शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीचे टायर, बहिणीचं लग्न हे खर्च मोठे असले तरी अचानक आलेले नसतात. त्यांची तारीख आधीच माहीत असते. त्यांच्यासाठी वेगळं आवर्ती ठेव खातं काढा. असे खर्च निधीतून होऊ लागले की वर्षभरात निधी संपतो आणि तो नेमका कशात गेला हेही आठवत नाही.

२. माझी एसआयपी चालू आहे. गरज पडली तर त्यातूनच काढीन. वेगळा निधी कशाला?

कारण नोकरी जाण्याची वेळ आणि बाजार पडण्याची वेळ बऱ्याचदा एकच असते. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या घरात होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि पुढच्या काही महिन्यांत अनेकांचे पगार कापले गेले. जानेवारीत निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडात ज्याचे एक लाख होते, त्याच्या हाती त्या दिवशी ६१-६२ हजार आले असते. डिसेंबर अखेर सेन्सेक्स ४७ हजारांवर गेला. पण ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये घर चालवण्यासाठी युनिट विकले, त्यांचा तोटा कायमचा झाला.

निधी असला की शेअर बाजारातले पैसे पडत्या काळात न विकता तसेच ठेवता येतात. मला तरी निधीचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

३. नेमकी रक्कम कशी काढायची? पगाराच्या सहापट का?

पगाराच्या नाही, न टळणाऱ्या खर्चाच्या सहापट. नाशिकच्या सातपूर भागात राहणारं एक काल्पनिक कुटुंब घेऊ: नवरा खासगी कारखान्यात, हातात येणारा पगार ६८,००० रुपये, बायको घर सांभाळते, दोन मुलं शाळेत.

कमाई थांबली तरी थांबणार नाहीत असे त्यांचे महिन्याचे खर्च असे: घराचा हप्ता १६,५००, किराणा, दूध, भाजी ११,०००, वीज, गॅस, मोबाइल आणि सोसायटीची देखभाल ५,०००, मुलांची फी आणि रिक्षा ६,०००, गावी आईवडिलांना ४,०००, औषधं १,५००, पेट्रोल २,०००. विम्याचे हप्ते वर्षाला ३६,००० आहेत, म्हणजे महिन्याला ३,००० धरायचे. ही नोंद बहुतेकजण विसरतात, कारण हप्ता वर्षातून एकदाच जातो. पण नेमका नोकरी नसतानाच तो भरायची वेळ आली, तर विमा बंद पडतो.

बेरीज ४९,००० रुपये. सहा महिन्यांचे २,९४,०००, म्हणजे गोळाबेरीज तीन लाख. बाहेरचं जेवण, सहली आणि ८,००० रुपयांची एसआयपी यात धरलेली नाही, कारण ती त्या काळात थांबवता येते. पगाराच्या सहापट धरली असती तर आकडा चार लाखांच्या वर गेला असता आणि तो पाहूनच सुरुवात लांबणीवर पडली असती.

हिशेब अंदाजाने करू नका. मागच्या तीन महिन्यांची बँक विवरणपत्रं उघडून करा. डोक्यातला आकडा जवळपास नेहमीच खऱ्या खर्चापेक्षा कमी निघतो.

४. सहा महिने सगळ्यांनाच लागू आहेत का?

नाही. नवीन कमाई सुरू व्हायला तुम्हाला किती काळ लागेल, यावर ते ठरतं. सरकारी नोकरीत कायम असाल किंवा निवृत्तिवेतन नियमित असेल, तर पगार थांबण्याची भीती कमी असते. तिथे तीन महिने पुरतात, मात्र घरात वयस्कर माणसं असतील तर आजारपणाचा वेगळा विचार करा (प्रश्न १२). दोघं कमावते असाल आणि एकाच्या पगारात न टळणारा खर्च भागत असेल, तरी तीन-चार महिने चालतील. पण दोघं एकाच कंपनीत किंवा एकाच उद्योगात असाल, तर दोन पगारांचा तो आधार धरू नका.

दुकान, वर्कशॉप, कन्सल्टिंग किंवा कमिशनवर काम असेल तर नऊ ते बारा महिने धरा. व्यवसायाचं खेळतं भांडवल यात मोजायचं नाही, कारण धंदा अडचणीत आला की आधी तेच अडकतं.

शेतकऱ्यांचा हिशेब महिन्यांत बसत नाही, हंगामात बसतो. एक पीक हातचं गेलं तर पुढचं पीक विकून पैसे येईपर्यंतचा घरखर्च, आणि त्याबरोबर पुढच्या पेरणीचं बियाणं-खत, एवढी रक्कम लागते. द्राक्ष किंवा डाळिंबासारख्या बागेत वर्षातून एकदाच पैसा येत असेल, तर पूर्ण वर्षाच्या घरखर्चाखाली थांबू नये.

५. तीन लाख जमेपर्यंत एसआयपी बंद ठेवायची का?

सगळा वेळ नाही. मी दोन टप्पे सुचवतो. प्रश्न ३ मधल्या कुटुंबाकडे न टळणाऱ्या खर्चानंतर १९,००० उरतात. त्यातले ५,००० हौसमौजेला ठेवले तर १४,००० मोकळे होतात. पहिल्या टप्प्यात एसआयपी थांबवून हे सगळे निधीत घालायचे. साडेतीन महिन्यांत एका महिन्याचा खर्च जमतो आणि अकरा महिन्यांत दीड लाख, म्हणजे तीन महिन्यांची सोय होते. इथून पुढे अर्धे निधीत, अर्धे एसआयपीत. दिवाळीचा ४०,००० बोनस एकदा पूर्णपणे निधीत टाकला, तर उरलेला दीड लाख आणखी पंधरा-सोळा महिन्यांत पुरा होतो. एकूण सव्वादोन वर्षं.

तीन महिन्यांच्या खाली निधी असताना एसआयपी चालू ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण पहिल्या अडचणीलाच ती मोडावी लागते. उलट, सहा महिने पूर्ण होईपर्यंत गुंतवणुकीला हातच न लावणं हेही तरुण वयात महाग पडतं. भविष्य निर्वाह निधीची कपात मात्र पहिल्या दिवसापासून चालू राहू द्या. आरोग्य विमा आणि मुदत विमा यांचे हप्तेही निधीच्या आधी येतात.

६. क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे. आधी ती फेडू की निधी जमवू?

आधी एका महिन्याचा खर्च बाजूला काढा, मग कार्ड पूर्ण फेडा, मग निधीकडे वळा. कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. निधीवर मिळणारं व्याज त्याच्या जवळपासही जात नाही. तरी एक महिन्याचा खर्च आधी ठेवायचा, कारण हातात काहीच नसेल तर पुढची अडचण परत कार्डावरच जाते. गृहकर्जाला हे लागू नाही. त्याचे नेहमीचे हप्ते भरत राहा आणि जादा रक्कम निधी पूर्ण झाल्यावर भरा.

७. निधी ठेवायचा कुठे? किती लगेच काढता येईल असा हवा?

इथे बहुतेकजण व्याजदरापासून सुरुवात करतात. सुरुवात वेळेपासून करायला हवी: पैसा मिनिटांत लागेल, दुसऱ्या दिवशी लागेल, की आठवड्याने चालेल?

रात्री अकराला अपघात झाला आणि रुग्णालयाने अनामत मागितली, तर लागणारा पैसा मिनिटांत हवा. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात ठेवा, आणि शक्यतो रोजच्या व्यवहाराच्या खात्यात नको. घरात पाच-सात हजारांची रोकडही असू द्या. पुरात वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआय आणि एटीएम दोन्ही बंद पडतात.

त्यानंतरचे दोन महिन्यांचे पैसे एका दिवसात मिळाले तरी पुरतं. ते त्याच बँकेत स्वीप खात्यात (प्रश्न ९) किंवा साध्या मुदत ठेवीत ठेवता येतात. उरलेले तीन महिने नोकरी गेल्यानंतरच्या काळासाठी आहेत, ते दोन-तीन दिवसांनी आले तरी अडत नाही. तेवढी रक्कम दुसऱ्या बँकेत मुदत ठेवींत किंवा लिक्विड फंडात (प्रश्न १०) ठेवा. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाचे ५०,००० बचत खात्यात, एक लाख स्वीपमध्ये आणि दीड लाख दुसऱ्या बँकेत जातील. दुसरी बँक का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

एक गोष्ट आजच तपासा. रुग्णालयांना यूपीआयने पाच लाखांपर्यंत पैसे देण्याची परवानगी आहे, पण तुमच्या बँकेची किंवा ॲपची मर्यादा त्याहून कमी असू शकते. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास तर फारच थोडी रक्कम पाठवता येते. म्हणून डेबिट कार्ड चालू ठेवा, आणि त्याची एटीएमची व दुकानातली मर्यादा किती आहे ते ॲपमध्ये बघून ठेवा.

८. मुदत ठेव मोडली तर व्याज बुडतं ना?

थोडं बुडतं, आणि मुद्दलाला धक्का लागत नाही. समजा एक लाखाची वर्षभराची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली आणि सहा महिन्यांनी मोडली. बँक आता सहा महिन्यांच्या ठेवीचा दर लावते, तो समजा साडेपाच टक्के, आणि त्यातून एक टक्का दंड वजा करते. म्हणजे साडेचार टक्क्यांनी सहा महिन्यांचे २,२५० रुपये मिळतात, ठरल्या दराने ३,२५० मिळाले असते. लाखामागे हजार रुपये गेले. अडचणीच्या दिवशी हा फार मोठा भुर्दंड नाही.

तोही कमी करता येतो. दीड लाखाची एकच ठेव करण्याऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या तीन करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येते. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव मात्र यात धरू नका. ती मुदतीआधी मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही.

९. स्वीप खातं म्हणजे काय? ते घ्यावं का?

बचत खात्यात ठरावीक रकमेच्या वर जे जमा होईल त्याची आपोआप मुदत ठेव होते, आणि खात्यात पैसे कमी पडले की ठेवीतला तेवढा भाग आपोआप मोडून येतो. प्रत्येक बँकेत त्याचं नाव वेगळं असतं. सोयीचं आहे, पण एक धोका आहे: ठेव इतक्या सहज मोडते की फ्रिज घेतानाही मोडते आणि कळत नाही. म्हणून हे खातं रोजच्या यूपीआयला जोडू नका. सुरू करताना बँकेला दोन प्रश्न विचारा: ठेव किती रुपयांच्या पटीत मोडते, आणि आधी जुनी मोडते की नवी? नवी आधी मोडली तर जुन्या ठेवीवरचं साठलेलं व्याज शाबूत राहतं.

१०. लिक्विड फंड खरंच बँकेइतका सुरक्षित आहे का? पैसे लगेच मिळतात का?

बँकेइतका नाही, कारण त्याला ठेव विमा नाही. पण म्युच्युअल फंडांमधल्या सर्वांत कमी धोक्याच्या प्रकारांपैकी तो आहे. ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीचेच रोखे त्याला घेता येतात, त्यामुळे व्याजदर बदलले तरी त्याचं मूल्य फारसं हलत नाही.

तरी तो कधीच पडत नाही असं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या रोख्यांचं पतमानांकन घसरलं आणि टॉरस लिक्विड फंडाचं मूल्य एका दिवसात सुमारे ७ टक्क्यांनी खाली आलं. म्हणून फंड निवडताना परतावा सगळ्यात वर कोणाचा, हे बघू नका. मासिक माहितीपत्रकात सरकारी ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांची ठेव प्रमाणपत्रं किती आहेत ते बघा. इतरांपेक्षा जास्त परतावा देणारा लिक्विड फंड बहुधा कमी दर्जाचे रोखे घेऊन तो देत असतो.

पैसे काढायचा अर्ज कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दिला, तर पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम बँकेत येते. शुक्रवारी संध्याकाळी दिला तर मंगळवार उजाडतो, आणि मध्ये सुट्टी आली तर बुधवार. काही फंडांत लगेच पैसे काढायची सोय आहे, पण एका दिवसात एका योजनेतून ५०,००० रुपये किंवा शिलकीच्या ९० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढेच. पहिल्या सहा दिवसांत काढल्यास निर्गमन भार, म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क, अगदी थोडा लागतो, सातव्या दिवसापासून नाही.

'अल्ट्रा शॉर्ट' किंवा 'क्रेडिट रिस्क' नावाच्या योजना लिक्विड फंडाच्या जागी घेऊ नका. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, त्यात अल्ट्रा शॉर्ट योजनाही होती. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण टाळेबंदीत ज्यांना ते हवे होते त्यांना ते मिळाले नाहीत.

करासाठी म्हणाल तर १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो, मुदत ठेवीच्या व्याजासारखाच. त्यामुळे फक्त कर वाचवायला ठेवीतून फंडात जाण्यात काही हाती लागत नाही.

११. आमचे सगळे पैसे गावातल्या सहकारी बँकेत आहेत, व्याजही जास्त मिळतं. पाच लाखांचा विमा आहे, मग काय काळजी?

विम्यामुळे रक्कम वाचते, वेळ वाचत नाही. आपत्कालीन निधीत वेळच महत्त्वाची असते, म्हणून या उत्तरावर मी सगळ्यात जास्त भर देतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा नंतर वाढत गेली, पण बँकेचं विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत आधी पैसे काढणं पूर्ण बंद झालं, नंतर २५,००० रुपयांची मुभा मिळाली. मार्च २०२० मध्ये येस बँकेवरही ५०,००० रुपयांची मर्यादा आली होती, तेव्हा हा प्रश्न फक्त सहकारी बँकांचा नाही. फरक इतकाच की तिथले निर्बंध दोन आठवड्यांत उठले.

ठेव विमा महामंडळाचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांचं आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही, आणि सगळ्या शाखांमधली खाती एकत्र मोजली जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम मिळायची तरतूद आहे. पूर्वीपेक्षा हे खूपच बरं आहे. पण नोकरी गेलेल्या माणसाला नव्वद दिवस म्हणजे तीन हप्ते आणि तीन महिन्यांचा किराणा.

म्हणून निधी दोन बँकांत ठेवा, आणि त्यातली एक मोठी सरकारी किंवा मोठी खासगी असू द्या. सहकारी बँकेत खातं ठेवायला हरकत नाही, पण निधीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तिथे नको. पतसंस्था ही बँक नाही, तिथल्या ठेवींना हा विमा लागू होत नाही. तिथे निधीचा एक रुपयाही ठेवू नका, संचालक कितीही ओळखीचे असले तरी.

१२. दहा लाखांचा मेडिक्लेम आहे. मग आजारपणासाठी वेगळे पैसे का?

विमा कंपनीने कॅशलेसची मंजुरी एका तासात द्यावी असा नियम २०२४ पासून आहे. पण रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नसेल तर बरेचदा सगळं बिल आधी तुम्हाला भरावं लागतं आणि परतावा नंतर येतो. यादीतल्या रुग्णालयातही हातमोजे, सिरिंज यांसारख्या वस्तूंचा काही खर्च पॉलिसीबाहेर राहू शकतो. खोलीच्या भाड्यावर मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. पॉलिसीत सहभागाची अट असेल, म्हणजे बिलाचे दहा-वीस टक्के तुम्ही भरायचे असतील, तर तेवढी रक्कम प्रश्न ३ च्या आकड्यात वाढवा. आईवडिलांचा विमाच नसेल, तर त्यांच्यासाठी वेगळी ठेव हवी.

१३. सोनं आहे, क्रेडिट कार्ड आहे. तेच निधी नाही का?

दोन्ही दुसऱ्या फळीत. सोन्यावर कर्ज लवकर मिळतं, पण ते कर्जच आहे, आणि उत्पन्न बंद असताना त्याचं व्याज चालू राहतं. कार्ड रात्रीच्या अनामतीला वापरा आणि देय तारखेआधी निधीतून पूर्ण फेडा, तेवढ्यापुरतं ते चांगलं साधन आहे.

१४. मी दुबईत आहे. निधी भारतात एनआरई ठेवीत ठेवला तर?

एनआरई मुदत ठेव एक वर्षाच्या आत मोडली तर व्याज अजिबात मिळत नाही. म्हणून तुमच्या तिथल्या खर्चाचा निधी तिथल्याच बँकेत आणि तिथल्याच चलनात ठेवा, परतीचं तिकीट आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं त्यात धरून. गावाकडच्या आईवडिलांसाठीचा भाग इथे ठेवा, आणि तो त्यांना स्वतःला काढता येईल अशा खात्यात.

१५. ठेव नवराबायको दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी आहे. एकाला काही झालं तर दुसऱ्याला लगेच मोडता येईल ना?

बहुतेकांना तसंच वाटतं, पण नेहमी तसं होत नाही. मुदत संपल्यावर दोघांपैकी कोणीही पैसे घेऊ शकतं. मुदतीआधी मोडायची असेल तर मात्र बँक दोघांच्या सह्या मागते. एक जण अतिदक्षता विभागात असेल तर ती सही आणायची कुठून? एकाचा मृत्यू झाला, तर मुदतीआधी मोडायला त्याच्या कायदेशीर वारसांची संमती मागितली जाऊ शकते.

यावर उपाय आहे. ठेव उघडतानाच, किंवा नंतर दोघांनी मिळून, बँकेला लेखी सूचना द्यायची की दोघांपैकी कोणालाही, आणि एकाच्या पश्चात हयात असलेल्याला, मुदतीआधी ठेव मोडता यावी. काही बँकांच्या अर्जात यासाठी चौकट असते आणि ती बरेचदा रिकामी राहते. सध्याच्या ठेवींवर ही सूचना नोंदली आहे का, ते शाखेत जाऊन विचारा आणि नोंदल्याची पोच घ्या. ऑनलाइन उघडलेल्या ठेवी बऱ्याचदा एकाच नावावर असतात आणि त्यात नामनिर्देशनही राहून गेलेलं असतं, तेही त्याच फेरीत तपासा. आणि किमान एका महिन्याचा खर्च जोडीदाराच्या स्वतःच्या नावावरच्या बचत खात्यात असू द्या.